कड्याच्या कडेची पांढरी रेघ : शार्पनिंगमधल्या हेलोचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

फोटो हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा होता. पावसाळा नुकताच संपलेला, माथ्यावर गुडघाभर गवत, त्याखाली वळण घेत जाणारी बेसॉल्टची काळी भिंत आणि मागे ढगांनी भरलेलं, जवळजवळ पांढरं आभाळ. काढणाऱ्या ताई नोकरी सांभाळून गडकिल्ले फिरणाऱ्या. एका सामूहिक प्रदर्शनासाठी त्यांना याची ३६ बाय २४ इंचांची प्रिंट हवी होती, मॅट कागदावर. मी प्रिंटसाठी फाइल तयार करून देण्याचं काम करतो, त्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे आलं ते पहिली प्रिंट निघाल्यानंतर. ताईंच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची. फोटो रॉमध्ये काढलेला होता, ही पुढे फार कामाला आलेली गोष्ट. छिद्र एफ/१६ ठेवलेलं, कारण पायाजवळचं गवत आणि समोरचा कडा दोन्ही स्पष्ट हवे होते. एवढ्या लहान छिद्रातून प्रकाश पसरतो. अशा सेन्सरचा एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा असतो, आणि एफ/१६ ला एका बिंदूचा ठिपका साडेपाच पिक्सेल व्यासाचा होऊन पडतो. म्हणजे फोटो फोकसमध्ये होता, पण गवताची पाती मुळातच मऊ आली होती. ताईंनी तो मऊपणा लाइटरूममध्ये शार्पनिंग वाढवून भरून काढला, आणि इथूनच गोष्ट सुरू झाली.

अडचण

प्रिंट भिंतीला लावून दोन पावलं मागे गेलं की गवत, खडक, ढग यांच्याआधी एक पांढरी रेघ दिसायची. कड्याच्या संपूर्ण वळणावर, आभाळाच्या बाजूने, कुणी खडूने गिरवल्यासारखी. अशा रेघेलाच हेलो म्हणतात. जवळ गेल्यावर तिच्या आतल्या अंगाला, खडकाच्या बाजूने, तेवढ्याच जाडीची काळी रेघही दिसत होती. काळ्या रेघेची तक्रार कुणी केली नव्हती, कारण काळ्या खडकात ती लपून जात होती. आभाळ मात्र सपाट. तिथे काहीच लपत नाही.

ताईंचा पहिला प्रश्न असा : “दादा, लॅपटॉपवर हे अजिबात नव्हतं. मग प्रिंटरनं केलं का?” लॅबचं म्हणणं, आमच्याकडे आली तशी छापली. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. पण ते कळायला आधी ही रेघ मुळात का उमटते ते पाहावं लागतं.

रेघ येते कुठून

शार्पनिंगचा सगळ्यात जुना आणि आजही सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार म्हणजे अनशार्प मास्क. तो डार्करूमच्या काळातला आहे : निगेटिव्हची एक मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत बनवायची, ती निगेटिव्हवर बसवायची आणि दोन्हींतून मिळून प्रिंट काढायची. संगणकही तेच करतो. फोटोची एक धूसर प्रत बनवतो, मूळ फोटोतून ती वजा करतो, आणि जो फरक उरतो तो काही पटीने वाढवून मूळ फोटोत मिळवतो. धूसर प्रत किती धूसर करायची हे रेडियस ठरवतो, आणि फरक किती पट मिळवायचा हे अमाउंट.

आता कड्याची कड घ्या. खडकाची उजळता ६०, आभाळाची २००. धूसर प्रतीत कडेजवळचं आभाळ खडकाच्या काळोखाने मळतं, म्हणजे २०० पेक्षा कमी होतं. मूळातून ते वजा केलं की अधिक उत्तर येतं, आणि ते मिळवलं की आभाळ २०० च्या वर जातं. खडकाच्या बाजूला नेमकं उलट घडतं आणि तो ६० च्या खाली जातो. अमाउंट १५० टक्के धरून, आणि रेडियस म्हणजे गाउसियन धूसरपणाचा सिग्मा असं मानून, कडेच्या दोन्ही बाजूंच्या चार-चार पिक्सेलांचा हिशेब असा येतो :

```
मूळ          ६०  ६०  ६०  ६० | २००  २००  २००  २००
रेडियस २.०   ५२  ३८  १२   ० | २५५  २४८  २२२  २०८
रेडियस ०.६   ६०  ६०  ५९  १८ | २४२  २०१  २००  २००
```

दुसऱ्या ओळीतला कडेलगतचा पिक्सेल खरं तर २८४ वर जायला हवा होता. २५५ च्या वर जागाच नाही, म्हणून तिथे तो पांढराफेक होऊन थांबला. ही कड आदर्श आहे, पायरीसारखी एकदम बदलणारी. एफ/१६ च्या खऱ्या फोटोत ती तीन-चार पिक्सेलांत हळूहळू चढते, त्यामुळे आकडे थोडे सौम्य येतात. पण आकार हाच राहतो.

या तीन ओळींत दोन गोष्टी दडलेल्या आहेत आणि पुढचे सगळे निर्णय त्यांवरच झाले. पहिली : अमाउंट दोन्ही ओळींत तेवढीच आहे, तरी एका ठिकाणी रेघ चार पिक्सेल पसरली आणि दुसऱ्या ठिकाणी एकाच पिक्सेलात संपली. रेघेची जाडी रेडियस ठरवतो, अमाउंट फक्त तिची चमक ठरवते. दुसरी : मर्यादा ओलांडणं, म्हणजे मूळ उजळतेच्या वर किंवा खाली मारलेली उडी, कडेच्या मूळ फरकाच्या प्रमाणात वाढतं. कडेला फरक १४० चा आहे म्हणून उडी मोठी. खडकाच्या भेगांत किंवा गवतात हा फरक दहा-पंधराचाच असतो, म्हणून तिथे त्याच सेटिंगने जेमतेम काही पदरात पडतं. ज्या कडेला शार्पनिंगची सगळ्यात कमी गरज आहे, तिलाच अनशार्प मास्क सगळ्यात जास्त देतो. ताईंनी गवतासाठी स्लायडर वाढवला आणि त्याची किंमत कड्याने मोजली.

मग क्रिस्प दिसणं म्हणजे तरी काय? कडेवर उजळता किती उभी चढते ते, आणि कडेच्या दोन्ही अंगांना असलेली थोडीशी अतिशयोक्ती. ही अतिशयोक्ती इतकी अरुंद असेल की डोळ्याला वेगळी दिसणार नाही, तर ती ‘धार’ म्हणून जाणवते. वेगळी दिसण्याइतकी रुंद झाली की तीच रेघ बनते. तेव्हा हेलो पूर्ण घालवणं हे ध्येय नव्हतंच. तो पाहण्याच्या अंतरावरून डोळ्याच्या क्षमतेखाली ठेवणं हे ध्येय होतं.

हा हिशेबही करून पाहिला. चांगली नजर साधारण एक कोनीय मिनिटापर्यंतचे तपशील वेगळे ओळखते. एक मीटरवरून हे ०.२९ मिलिमीटर होतं, साठ सेंटीमीटरवरून ०.१७. ३६ इंचांत ३०० पिक्सेल प्रति इंच हवे असतील तर फाइल १०८०० पिक्सेल रुंद लागते, म्हणजे मूळ फाइल १.८ पट ताणावी लागते. मूळ फाइलमधली चार पिक्सेलांची रेघ ताणल्यावर सात पिक्सेलांची होते, आणि कागदावर ती ०.६ मिलिमीटर भरते. दोन मीटरवरूनही ती दिसणारच.

लॅपटॉपवर ती का नव्हती याचं उत्तरही इथेच मिळतं. ६००० पिक्सेलांचा फोटो १९२० पिक्सेलांच्या पडद्यावर पूर्ण मावेल असा पाहिला की तो तीन पटींहून जास्त आक्रसतो आणि चार पिक्सेलांची रेघ सव्वा पिक्सेलाची उरते. तिथे ती रेघ नव्हतीच, धार होती. ताईंनी पडद्यासाठी अगदी बरोबर शार्पनिंग केलं होतं. फक्त छापायच्या फाइलवर.

तपास

ताईंकडून रॉ फाइल आणि सेटिंग दोन्ही मागवली. शार्पनिंग एकाच ठिकाणी झालं असेल असं मी कधीच धरून चालत नाही, आणि इथे ते चार ठिकाणी निघालं. लाइटरूमच्या डिटेल पॅनेलमध्ये अमाउंट ९०, रेडियस २.०, डिटेल ६० आणि मास्किंग ८०. त्यावर मध्यम आकाराच्या तपशिलांचा कॉन्ट्रास्ट वाढवणारी क्लॅरिटी अधिक ३५. एक्सपोर्ट करताना आउटपुट शार्पनिंग मॅट कागदासाठी ‘हाय’. आणि लॅबमध्ये फाइल १.८ पट मोठी करून छापताना यंत्राचं आपोआप होणारं शार्पनिंग चालूच.

चौघांतलं कोण किती दोषी हे शोधायला एकेक टप्पा बंद करून कड्याचा तोच तुकडा शंभर टक्क्यांवर पाहिला. डिटेल पॅनेलने रेघ काढली होती. एक्सपोर्टने तिच्यावर दुसरा हात फिरवला होता. हे आउटपुट शार्पनिंग फाइल ज्या आकारात एक्सपोर्ट होते त्या आकारासाठी मोजलेलं असतं. नंतर कुणी फाइल ताणली की तेही ताणलं जातं. लॅबने आधीच रुंद झालेल्या रेघेलाच कड समजून तिलाही धार लावली. आणि क्लॅरिटीचा परिणाम वेगळ्याच जातीचा निघाला : रेघ नव्हे, तर कड्याभोवती चाळीस-पन्नास पिक्सेलांचा मंद उजेड.

जाडीवरून दोषी ओळखायची ही सवय उपयोगी पडते. दोन-चार पिक्सेलांची कडक, दोन्ही बाजूंनी असलेली रेघ शार्पनिंगची. रुंद, मऊ झळाळी क्लॅरिटीची, डीहेजची किंवा आभाळावर टाकलेल्या मास्कची. रेघ जांभळी किंवा हिरवी असेल आणि फोटोच्या कोपऱ्यांकडे वाढत जात असेल, तर ती लेन्सची. तिचा इलाज शार्पनिंगमध्ये शोधू नये. आणि कडेलगत रेघेऐवजी बारीक कचऱ्यासारखी थरथर दिसली, तर बहुतेक वेळा जेपेग जास्त दाबलेली असते.

मास्किंग ८० बद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण इथे बरेच जण फसतात. “मास्किंग तर वाढवलं होतं, तरी हेलो आला,” असं ताई म्हणाल्या. मास्किंग ओढताना ऑल्ट दाबून धरलं की पांढऱ्या भागावर शार्पनिंग लागतं आणि काळा भाग वाचतो. ताईंच्या फोटोत असं पाहिलं तेव्हा आभाळ काळं होतं, खडकाचा बराच भाग काळा होता, गवतही अर्धंअधिक काळं, आणि कड्याची कड मात्र ठसठशीत पांढरी. मास्किंग सपाट भागातला नॉइज वाचवतं. ठळक कड ते वाचवत नाही, उलट सगळं शार्पनिंग तिच्यावरच एकवटतं. गवत मऊ राहिलं म्हणून ताईंनी अमाउंट आणखी वाढवली, आणि ती सगळी कडेच्या वाट्याला गेली.

समोरचे पर्याय

प्रदर्शन जवळ आलेलं, त्यामुळे सगळ्यात आधी झटपट उपायांचा विचार झाला. लॅबच्या मुलाने सुचवलं की रेघ क्लोन टूलने पुसून टाकू. एका तुकड्यावर करून पाहिलं. जिथे खडक सरळ आभाळाला भिडतो तिथे ते जमत होतं. जिथे गवताची पाती आभाळात घुसलेली होती तिथे प्रत्येक पात्याला दोन्ही बाजूंनी स्वतःची रेघ होती. शिवाय पुसलेल्या पट्ट्यातला आभाळाचा रवा निघून गेला आणि रेघेच्या जागी गुळगुळीत पट्टा दिसू लागला. सोडून दिलं.

दुसरा झटपट उपाय म्हणजे आभाळ निवडून तिथलं शार्पनिंग शून्य करणं. पांढरी रेघ यात खरंच जाते. पण कडेचा निम्मा चढाव आभाळाच्या बाजूला असतो. तो मऊ राहतो आणि खडकाची बाजू कडक होते. परिणामी कडा कात्रीने कापून पांढऱ्या कागदावर चिकटवल्यासारखा दिसतो. पडद्यावर हे चालून गेलं असतं, तीन फुटांच्या प्रिंटवर नाही.

तिसरा, सगळ्यात सरळ : अमाउंट खाली आणा. रेघ फिकट होते, पण जाडी तेवढीच राहते, आणि गवत पुन्हा मऊ पडतं. ताईंना हे दाखवल्यावर त्या लगेच म्हणाल्या, “मग एवढ्या मोठ्या प्रिंटचा उपयोग काय?” मला त्यांचं पटलं. या फोटोचा जीव गवतात आहे.

उरला तो लांबचा रस्ता : रॉपासून पुन्हा सुरू करायचं, शार्पनिंग दोन टप्प्यांत तोडायचं, आणि कडेवर मर्यादा ओलांडायला वेगळी लगाम घालायची. यात एक दिवस जाणार होता आणि आधीची महागडी प्रिंट वायाच जाणार होती. तरीही हाच घेतला, कारण रॉ हाताशी होती. फक्त एक्सपोर्ट केलेली जेपेग असती तर २५५ ला जाऊन अडकलेले पिक्सेल परत आणायला काहीच मार्ग नव्हता.

प्रत्यक्ष काय केलं

रॉवर शार्पनिंग फक्त लेन्स आणि सेन्सरने घातलेला मऊपणा काढण्यापुरतं ठेवलं : अमाउंट ५०, रेडियस १.०, डिटेल १५, मास्किंग २०. लाइटरूममधला डिटेल स्लायडर खाली असला की हेलो दाबले जातात आणि वर गेला की बारीक पोत उचलला जातो, पण कडांशेजारी लहरी उमटू लागतात; म्हणून १५. एफ/१६ चा मऊपणा पाहता रेडियस थोडा जास्त असावा असं वाटत होतं, पण पुढे १.८ पट ताणायचं होतं आणि या टप्प्यावर जे काही मर्यादेबाहेर जाईल ते कायमचं फाइलमध्ये राहणार होतं. शंभर टक्क्यांवर फोटो किंचित मऊ दिसला. तसाच हवा होता.

क्लॅरिटीवर चर्चा झाली. ताईंना खडकाचे थर उठून दिसायला हवे होते, आणि ते क्लॅरिटीशिवाय होत नव्हतं. म्हणून ती पूर्ण फोटोवरून काढली आणि फक्त खडकावर, ब्रशने, कडेपासून चांगलं आत राहून दिली. क्लॅरिटीचा परिणाम रुंद पट्ट्यात होतो, त्यामुळे तिला कडेपासून लांब ठेवलं की झळाळी उमटायला जागाच मिळत नाही.

फाइल सोळा बिट टिफमध्ये, आउटपुट शार्पनिंग बंद ठेवून काढली आणि १०८०० पिक्सेलांपर्यंत मोठी केली. मोठी करण्याची पद्धत मऊ निवडली. ज्या पद्धती आकार बदलतानाच धार देतात, त्यांच्या गणितात ऋण वजनं असतात आणि कडेशेजारी त्यांची स्वतःची बारीक लहर उमटते. शार्पनिंग आपण नंतर करणारच आहोत, तर इथे ते उसनं कशाला घ्यायचं.

आता शेवटचं शार्पनिंग, अंतिम आकारावर. आधी नेहमीची युक्ती वापरली. फोटोशॉपमध्ये अनशार्प मास्क लावलेल्या दोन प्रती, एक डार्कन मोडमध्ये ७० टक्के, दुसरी लाइटन मोडमध्ये २५ टक्के. यामुळे काळी बाजू बऱ्यापैकी मिळते आणि पांढरी बाजू चौथ्या हिश्शावर येते. बहुतेक फोटोंना एवढं पुरतं. गवत झकास झालं. कड्यावर मात्र रेघ फिकट का होईना, शिल्लक होती, आणि वरचा हिशेब आठवला तर त्यात आश्चर्य नाही : २५ टक्के म्हणजे प्रमाणच. कडेचा फरक १४० चा असेल तर त्याचा चौथा हिस्साही गवताच्या पूर्ण हिश्शापेक्षा मोठा.

हा या प्रकरणातला खरा वळणाचा निर्णय. टक्केवारी आणखी खाली आणली असती तर गवताची चमक गेली असती. गरज होती ती प्रमाणाची नव्हे, छताची : पिक्सेल कितीही उडी मारू दे, त्याच्या शेजाऱ्यांतल्या सगळ्यात उजळ पिक्सेलाच्या फार वर जाता कामा नये, आणि सगळ्यात काळ्याच्या फार खाली. हे फोटोशॉपच्या एका स्लायडरने होत नाही; पायथनमध्ये मात्र काही ओळींचं काम आहे. इथे `L` म्हणजे फोटोचा उजळतेचा थर, ० ते १ मध्ये :

```python
import numpy as np
from scipy.ndimage import (gaussian_filter,
                           minimum_filter, maximum_filter)

def sharpen(L, sigma=1.5, amount=1.2, up=0.02, down=0.05):
    s = L + amount * (L - gaussian_filter(L, sigma))
    lo = minimum_filter(L, size=5) - down
    hi = maximum_filter(L, size=5) + up
    return np.clip(np.clip(s, lo, hi), 0, 1)
```

`up` ०.०२ म्हणजे २५५ च्या मोजणीत साधारण पाच पायऱ्या, `down` म्हणजे तेरा. आभाळ २०० असेल तर कडेलगत ते २०५ पर्यंतच जाईल, मग अमाउंट काहीही असो. महत्त्वाचं हे की चढावाच्या मधले पिक्सेल या छताला लवकर लागत नाहीत. ते आपापल्या टोकाकडे सरकतात, चढाव उभा होतो, आणि कड धारदार दिसते. गवतात आणि खडकाच्या पोतात उडी मुळातच लहान, त्यामुळे तिथे छत क्वचितच आड येतं. शेजार ५ बाय ५ चा घेतला, कारण ताणलेल्या फाइलमध्ये चढावही रुंद झालेला असतो. ३ बाय ३ घेतला तर चढावच अडखळतो आणि धार येत नाही.

`up` शून्य ठेवूनही पाहिलं. रेघ शून्य, पण कडा निर्जीव, चित्रातल्यासारखा. पाच पायऱ्यांचा तो चिमूटभर हेलो ठेवला तेव्हा कड पुन्हा श्वास घेऊ लागली. आभाळ आणखी करडं असतं तर कदाचित आठही चालल्या असत्या. हे आभाळ पांढऱ्याच्या जवळ होतं.

लॅबला दोन सूचना दिल्या : यंत्राचं शार्पनिंग बंद, आणि आकार बदलू नका. मग पूर्ण प्रिंटआधी ८ बाय १० इंचांचा तुकडा काढून मागितला. संपूर्ण फोटो लहान करून नव्हे, अंतिम आकारातला तुकडा, आणि तोही कड, गवत व आभाळ तिन्ही ज्यात येतात असा. लहान केलेली चाचणी प्रिंट काहीच सांगत नाही. ती पुन्हा लॅपटॉपचाच पडदा होते.

निकाल

तुकड्यावर रेघ गेलेली होती. गवताची पाती एकेक मोजता येत होती. आणि रेघ गेल्यामुळेच तिच्यामागे लपलेली दुसरी गोष्ट समोर आली : कड्याच्या उजव्या टोकाला, आभाळात, तीसेक पिक्सेलांचा उजळ पट्टा. कडक नाही, मऊ. शार्पनिंगचा हा असूच शकत नव्हता. ताईंनी ढग गडद करायला आभाळ निवडून एक्सपोजर उतरवलं होतं, आणि त्या निवडीची मऊ कड खडकाला नीट भिडत नव्हती. मधला पट्टा उतरलाच नव्हता. मास्क ब्रशने खडकाच्या आत थोडा ओढून घेतला आणि उतार निम्म्यावर आणला. खडक आधीच काळा असल्याने तिथे त्याचा काही फरक पडला नाही.

पूर्ण प्रिंट निघाली तेव्हा एक मीटरवरून कडेला काहीच दिसत नव्हतं. नाक लावून पाहिलं तर एक उजळ बारीक धार सापडते. ती असायलाच हवी. ताईंची एक कुरबूर मात्र राहिली, आणि ती रास्त आहे : पहिल्या प्रिंटमधलं अगदी पुढचं गवत जास्त कडक होतं, आताचं थोडं नरम वाटतं. त्यांनी दोन्ही तुकडे शेजारी धरून दाखवले. खरं होतं. आभाळात घुसलेल्या पात्यांचा फरक कड्याच्या कडेएवढाच मोठा, त्यामुळे छत त्यांनाही लागलं होतं. पुढच्या गवतावर `down` वाढवून वेगळी प्रत ब्रशने मिसळता आली असती. वेळ नव्हता, ताईंनी आहे ते स्वीकारलं.

वेगळं काय करता आलं असतं

सुरुवात कड्यावरच होते. एफ/१६ ऐवजी एफ/८ ला तो बिंदूचा ठिपका साडेपाचऐवजी पावणेतीन पिक्सेलांचा पडला असता. गवत आणि कडा दोन्ही हवे होते तर दोन फोटो वेगवेगळ्या फोकसने काढून जोडता आले असते, निदान वारा पडलेला असताना. कोकणकड्यावर वारा क्वचितच पडतो हेही खरं. पण ज्या मऊपणामुळे रेडियस २.० वर गेला तो मऊपणाच कमी झाला असता.

लाइटरूममध्ये शार्पनिंग ठरवताना ताईंनी कड्याची कड शंभर टक्क्यांवर पाहिली असती, तर रेघ तिथेच दिसली असती. मी अशा वेळी गवत बघत नाही; फोटोतली सगळ्यात वाईट कड शोधतो, म्हणजे जिथे गडद वस्तू सपाट उजळ भागाला भिडते ती, आणि रेडियस तिच्यावर ठरवतो. अमाउंट मग पोतावर ठरवता येते.

लॅबला आधी दोन प्रश्न विचारायला हवे होते : फाइल किती पिक्सेलांची हवी, आणि तुमचं यंत्र स्वतःहून शार्पनिंग करतं का. उत्तर ‘हो’ असेल आणि ते बंद करता येत नसेल, तर आपलं शेवटचं शार्पनिंग निम्म्यावर आणून तुकडा छापून बघावा. मॅट कागदावर शाई थोडी पसरते आणि धारेचा काही भाग गिळते, म्हणून मॅटसाठी फाइल पडद्यावर किंचित जास्तच कडक दिसावी लागते. हे ‘किंचित’ किती, ते प्रत्येक कागदाला आणि यंत्राला वेगळं असतं. तुकड्याशिवाय कळत नाही.

आणि शार्पनिंग न केलेली, पूर्ण आकाराची टिफ वेगळी जपून ठेवायला हवी होती. ताईंनी आता ती ठेवली आहे, कारण याच फोटोची १२ बाय ८ इंचांची प्रत एका नातेवाइकांना द्यायची आहे. तिथे ३०० पिक्सेल प्रति इंचाला ३६०० पिक्सेलच लागतात, म्हणजे फाइल ताणायची नसून आक्रसायची आहे. `sigma` १.५ तिथे जास्त होईल, ०.७ च्या आसपास सुरुवात करणार आहोत, शेजार ३ बाय ३ चा.